मदत हवी आहे: निकेलचे बोल्ट टॉर्चने तापवल्यावर नरम का पडले?

वरोरा_वर्कशॉप
राजेहो, घाई आहे, सोमवारी माल परत द्यायचा आहे. बोल्टवर नट जाम होते, टॉर्च मारून काढले. आता कडकपणा 225 येतोय, आधी 300 च्या वर होता. सगळीकडे तर लिहिलंय की निकेल सुपरअलॉयची ताकद तापवल्यावर वाढते. मग हे नरम कसे पडले? परत कडक कसे करायचे?

मोजमाप
ग्रेड कोणता? 225 विकर्स की ब्रिनेल? टॉर्चच्या जागेवर मोजलं की टोकाला? तापताना रंग कोणता होता?

वरोरा_वर्कशॉप
निमोनिक 80ए, टर्बाइनच्या केसिंगचे, एम 64. विकर्स. दहाएक मिनिटं टॉर्च होता, चांगला केशरी झाला होता. तिथे 225, पाच सेंटीमीटरवर 265, दूरच्या टोकाला 305.

भट्टीवाला_भंडारा
मग त सोपं हाय भाऊ. 700 अंश सेल्सिअसला 16 तास भट्टीत ठेव, बाहेर काढून हवेत गार कर. 80ए चं एजिंग हेच हाय. कडकपणा वापस येते.

मोजमाप
225 च्या जागी येईल, 265 च्या जागी नाही. केशरी म्हणजे 950 च्या आसपास किंवा वर. तिथे धातूला कडक ठेवणारे गॅमा प्राइमचे बारीक कण बहुतेक विरघळले आणि गार होताना पुरते परत बनले नाहीत. ॲल्युमिनियम-टायटॅनियम द्रावणातच आहे, म्हणून एजिंगने कण नव्याने बारीक पडतील. पण शेजारचा पट्टा 850-900 ला राहिला. तिथे कण विरघळले नाहीत, एकमेकांना खाऊन मोठे झाले. मोठा झालेला कण 700 ला लहान होत नाही. त्यासाठी अख्खा बोल्ट 1080 ला 8 तास, हवेत गार, मग 700 ला 16 तास, असं पहिल्यापासून करावं लागतं. आणि 1080 ला तयार आटे वाकडे होतात, पृष्ठभागावर खपली धरते.

वरोरा_वर्कशॉप
पण मग ताकद वाढते ते खोटं का?

मोजमाप
खरं आहे, पण ते *गरम असताना*ची ताकद सांगतं. तुम्ही तापवून, गार करून मोजताय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गॅमा प्राइममध्ये, म्हणजे Ni₃Al मध्ये, अणूंची जागा ठरलेली असते. एक डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या मांडणीतली सरकणारी चूक, पुढे गेली की मागे ती मांडणी बिघडते, दुसरं येऊन ती जुळवतं, म्हणून ती जोडीने चालतात. तापमान वाढलं की जोडीतला स्क्रू जातीचा भाग नेहमीच्या तिरप्या प्रतलावरून घनाच्या प्रतलावर घसरतो, कारण बिघडलेल्या मांडणीची किंमत तिथे कमी पडते. पण तिथे तो सहज पुढे सरकत नाही, अडकून बसतो. जितकं गरम, तितके जास्त अडकतात, म्हणून ताकद वाढते. साधारण 700-800 च्या पुढे घनाचं प्रतलच मोकळं सरकू लागतं आणि आलेख खाली वळतो.

भट्टीवाला_भंडारा
मग 80ए ची पण वाढायले पाह्यजे ना गरमीत? सप्लायरच्या कागदात त यील्ड हळूहळू खालीच जाते.

मोजमाप
बरोबर पकडलंत. 80ए मध्ये गॅमा प्राइम पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी. बाकीचा गाभा गरम झाला की नेहमीसारखा मऊ होतो, कण त्याला सावरतात, म्हणून 700 पर्यंत आलेख फार पडत नाही. उंचवटा स्पष्ट दिसतो तो सिंगल क्रिस्टल ब्लेडमध्ये, तिथे हा हिस्सा 60-70 टक्के असतो.

चंद्रपूर_मेंटेनन्स
80ए सोडा, साधे क्रोम-मोली-व्हॅनेडियमचे बोल्ट लावा. 80ए चे बोल्ट 500 च्या आसपास वर्षानुवर्षं राहिले की निकेल-क्रोमियमचे अणू रांगेत बसतात, बोल्ट आपोआप आखडतो, ताण वाढून तुटतो. कडकपणा ठीक असला तरी.

मोजमाप
ते खरं आहे, पण इथला प्रश्न तो नाही. आणि ग्रेड बदलणं वर्कशॉपच्या हातात नाही, डिझाइनवाल्यांना विचारावं लागेल.

वरोरा_वर्कशॉप
एक भंगार बोल्ट कापला, त्याच्या चकत्या 700 ला 16 तास ठेवल्या. 225 ची 298 झाली. 265 ची 271.

भट्टीवाला_भंडारा
मग 271 चालवून घ्या ना, टर्बाइन चालताना 540 ला किती ताण येते त्याच्यावर?

मोजमाप
गार कडकपणावरून 540 ला किती वर्षं ताण धरेल ते कळत नाही. कण मोठे झाले की क्रीपचं, म्हणजे गरमीत ताणाखाली हळूहळू लांबत जाण्याचं, आयुष्य आधी घटतं. मी तो पट्टा असलेला बोल्ट परत लावणार नाही. पुढच्या वेळी नट चिरून काढा. टॉर्च लावायचाच असेल तर नटाला लावा आणि बोल्टवर 650 चा थर्मल खडू ओढून ठेवा. तो वितळला की थांबा. उन्हात रंगावरून अंदाज चुकतो, केशरी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

वरोरा_वर्कशॉप
सहा बोल्ट बाजूला काढले. राहिलेल्या चारांवर टॉर्च फक्त नटावर होता, शँकवर 300-305 येतंय. पण नटाखालच्या आट्यांत विकर्सचं टोक बसत नाही. तिथे कसं तपासायचं?