अनुभव धागा: ‘गॅस कमी आहे’ म्हणून गॅस मारला आणि…

पत्र्याचा_डबा, लातूर
काल दसरा काढायलो होतो, माळ्यावरच्या डब्यात जुना एक्स्पान्शन वॉल्व्ह निघाला. बायको म्हणली टाका भंगारात, मी म्हणलो थांब, ह्यानं मला लै शिकवलंय. भूमकडचं दूध संकलन केंद्र, आर-२२ वरचा कूलर, संध्याकाळचं दूध रात्रभर थंड होईना. गेज लावलं तर सक्शन जिथं ४५-५० असायचं तिथं १० वर घसरायचं न कटआउट मशीन पाडायचं. डिस्चार्ज मात्र बराच होता. वॉल्व्हच्या तोंडाला मुठीएवढा बर्फ, पुढची कॉइल कोरडी, रिटर्न पाइप कोमट. मी नवखा, सक्शन कमी म्हणजे गॅस कमी, मारला किलोभर. सक्शन तिथंच. अजून मारला तर डिस्चार्ज ३०० च्या वर चढला आणि मला घाम फुटला.
मग उस्ताद आले. त्यांनी काय केलं, रिटर्न पाइपवरचा बल्ब सोडला, दोन मिनिटं मुठीत धरला न गेजकडं बघत बसले. काटा हललाच नाही. बल्बची बारीक नळी फ्रेमला घासून फुटलेली. बल्बातला दाब वॉल्व्ह उघडतो, तोच गेल्यावर स्प्रिंगनं वॉल्व्ह मिटलेला. साइट ग्लास पहिल्यापासून भरलेली होती, एक बुडबुडा नाही, ती मी बघितलीच नव्हती. वॉल्व्ह बदलला, जादाचा गॅस काढला, सक्शन ४८.
तुमचे बी टाका असले किस्से.

नांदेडवाला
हाव. माझं उलटं. कोल्ड रूम, बर्फ पार कॉम्प्रेसरच्या अंगावर आलेला, सक्शन जास्त. गॅस जादा झाला म्हणून काढत बसलो. खरं तर बल्बची क्लिप ढिली होती न वरचं इन्सुलेशन उंदरानं खाल्लेलं. बल्बला बाहेरची गरम हवा लागायली, वॉल्व्हला वाटलं कॉइल उपाशीये, आणि तो उघडतच गेला.

सुनीता_परभणी
आमच्या फ्रीजरमधे बर्फाचा डोंगर होतो दर आठवड्याला, वॉल्व्ह गेला असेल का? पोळ्या टाकता टाकता लिहितेय.

नांदेडवाला
ताई घरच्या फ्रीजला हा वॉल्व्ह नसतो, कॅपिलरी असते. बर्फ सगळीकडं धरायला असंल तर आधी दाराचं रबर बघा, कागद अडकवून ओढा, सहज निघाला तर तिथंच घोळ आहे.

जालना_गल्ली
कॅपिलरीत सोप्पंय. बर्फ पहिल्या दोन बेंडवरच दिसला की गॅस कमी, डोळे झाकून मारा.

पत्र्याचा_डबा
डोळे झाकूनच मारला होता मी पण 😄 कॅपिलरी अर्धी चोक असली तरी बर्फ तसाच पहिल्या दोन बेंडवर राहतो, सक्शन पण तसंच कमी. मी मशीन बंद करून दोन्ही काटे बघतो. चांगली कॅपिलरी पाच-सात मिनिटांत दाब सारखे करते, चोक असली तर काटे लै वेळ लांबच राहतात. आणि कंडेन्सरचा खालचा भाग हात लावून बघा, चोकमधे लिक्विड तिथं तुंबतं, खालचे पाइप वरच्यापेक्षा बरेच गार लागतात. गॅस कमी असंल तर असं तुंबत नाही.

जालना_गल्ली
पण चोक असला की डिस्चार्ज वाढतो ना? मला कधीच वाढलेला दिसला नाही.

नांदेडवाला
कुणी वर गॅस मारून ठेवला असंल तर वाढतो. नाहीतर कॉइलमधून उष्णताच कमी येते, मग उतरतो. पण ४३ च्या उन्हात, कंडेन्सरला धूळ, तेव्हा काय दिसंल ह्याची मी गॅरंटी देत नाही.

बीडचा_पाहुणा
आइस्क्रीमचा डीप फ्रीझर. सकाळी मस्त चालायचा, दुपारी सक्शन व्हॅक्यूमला. बंद करून तासाभरानं चालू केला की परत मस्त. तीन वेळा गेलो, मी पोचेपर्यंत तो चालूच! मालक म्हणाला तुम्हाला बघून घाबरतो. शेवटी बंद पडल्यावर कॅपिलरीच्या तोंडाला गरम पाण्याचं फडकं लावलं, सूंऽऽ आवाज आला न चालू. आत ओल होती, थेंब गोठायचा. ड्रायर बदलला, दोन तास व्हॅक्यूम ओढला. नळीत कचरा असता तर बंद-चालू करून सुटला नसता. नव्या फ्रीजला ज्योत लावू नका हां, त्यातला गॅस पेटतो.

सुनीता_परभणी
कागद सहज निघाला 🙏

जालना_गल्ली
भूमला गेलते तर पेढे आणले का नाही?

पत्र्याचा_डबा
आणले की. केंद्रवाल्यानं मजुरीत धरले.