‘नॉर्मल’ आहे, पण असायला नको होतं: याला मराठीत काय म्हणायचं?

मृणाल_भाषांतर
एका रुग्णाच्या घरच्यांसाठी रिपोर्टचा मराठी खुलासा लिहितेय आणि एका शब्दावर दोन दिवस अडले आहे. बाई ४६ वर्षांच्या, मधुमेह नाही. पहाटे उठवलं की भलतंच बोलायच्या, साखरपाणी पाजलं की थोड्या वेळात ताळ्यावर यायच्या. स्वादुपिंडात इन्शुलिन सोडत राहणारी गाठ आहे का ते पाहायला दाखल करून ७२ तासांची उपाशी चाचणी सुरू केली. एकोणिसाव्या तासाला नर्सने शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी इथवर आल्या आणि पुढे नुसत्या बघत राहिल्या. त्या वेळच्या रक्तात साखर ४१, इन्शुलिन ७ आणि शरीरात इन्शुलिन बनताना सुटणारं सी-पेप्टाइड १.३. साखरेपुढे खाली जाणारा बाण आहे, बाकी दोन्हींपुढे काहीच खूण नाही, कारण छापील मर्यादेत ते बसतात. डॉक्टरांच्या टिपणात शब्द आहेत ‘इनॲप्रोप्रिएटली नॉर्मल’. मी ‘अनुचितरीत्या सामान्य’ असं लिहिलं. बाईंच्या भावाने वाचून विचारलं, “इन्शुलिन सामान्य, म्हणजे गाठ नाही ना?” नेमका उलटा अर्थ पोचला. काय लिहू?

हिशेबनीस
‘अवाजवी’ लिहा. अवाजवी भाडं, अवाजवी मागणी, तसं अवाजवी इन्शुलिन. कुणालाही कळेल.

तत्सम
‘वाजवी’ मुळात अरबी ‘वाजिब’वरून आलेला, त्याला संस्कृत ‘अ’ जोडायचा हा धेडगुजरीपणा शास्त्रीय मजकुरात नको. ‘अनुचित’ बरोबर आहे. वाचकाला कळला नाही हा शब्दाचा दोष नाही.

मृणाल_भाषांतर
भावाला कळला नाही तर माझा खुलासा फुकट गेला. शिवाय ‘अनुचित’ म्हटलं की वर्तणूक आठवते, जणू बाईंनीच काही गैर केलं.

ग्रंथीवैद्य
मृणालताई, मी याच विषयात काम करतो, म्हणून शब्दाआधी अर्थ सांगतो. ती छापील मर्यादा रक्तात पुरेशी साखर असलेल्या माणसाची आहे. साखर ४१ वर आली की स्वादुपिंडाने इन्शुलिन जवळजवळ बंद करायला हवं. साखर ५५ च्या खाली असताना इन्शुलिन ३ किंवा त्याहून जास्त आणि सी-पेप्टाइड ०.६ किंवा जास्त निघालं, तर आम्ही ते थांबलेलं नाही असंच समजतो. म्हणजे इथे ७ हा आकडा लहान असूनही मोठा आहे. हे विशेषणात मावणार नाही, क्रियापद घ्या: ‘साखर इतकी उतरल्यावर इन्शुलिन थांबायला हवं होतं, ते थांबलेलं नाही.’

हिशेबनीस
पण अवाजवी म्हणजे जास्तच ना? तसंही सी-पेप्टाइड निघालं म्हणजे गाठ नक्की. बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनबरोबर ते येत नाही, एवढं मला माहीत आहे.

ग्रंथीवैद्य
शेवटचं वाक्य खरं, त्याआधीचं अर्धं. टोचलेल्या इन्शुलिनने इन्शुलिन वाढतं आणि सी-पेप्टाइड दबतं, हे बरोबर. पण मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडालाच इन्शुलिन सोडायला लावतात. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या गोळ्या चुकून पोटात गेल्या तर रिपोर्ट हुबेहूब गाठीसारखा येतो. म्हणून त्याच नमुन्यात सल्फोनिलयुरिया गटाच्या औषधांचा शोध घ्यावाच लागतो. मृणालताई, तो निकाल आला का?

मृणाल_भाषांतर
हो, औषध सापडलं नाही. कीटोन ०.३ आहे आणि शेवटी ग्लुकागॉनचं १ मिलिग्रॅम इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात साखर ४१ वरून ७४ झाली. हे दोन्ही कशासाठी, तेही मला लिहायचंय.

ग्रंथीवैद्य
दोन्ही त्याच न थांबलेल्या इन्शुलिनच्या खुणा आहेत. एकोणीस तास उपाशी राहून साखर इतकी उतरलेल्या माणसाचं शरीर चरबी जाळू लागतं आणि कीटोन वाढायला लागतात. इन्शुलिन चालू असेल तर चरबी सुटतच नाही, म्हणून कीटोन खालीच. तसंच यकृतातला साठा इन्शुलिनने धरून ठेवलेला असतो, ग्लुकागॉन त्याला बाहेर काढतं. २५ किंवा जास्त वाढ झाली तर साठा होता हे कळतं, इथे ३३ झाली. इन्शुलिनच्या आकड्याबद्दल शंका असली तर या दोन गोष्टी उपयोगी पडतात.

तत्सम
सी-पेप्टाइडमधला ‘सी’ हा ‘कनेक्टिंग’चा. इन्शुलिनच्या दोन साखळ्या जोडणारा तुकडा, इन्शुलिन तयार होताना कापला जाऊन सुटा होतो. मग ‘सांधक पेप्टाइड’ का नको?

ग्रंथीवैद्य
शब्द छान आहे, पण रुग्ण तो रिपोर्टवर शोधत बसेल. रिपोर्टवर ‘सी-पेप्टाइड’ आहे, खुलाशातही तेच हवं.

रानवारा
मला जेवल्यानंतर दोन तासांनी थरथर होते, घरच्या यंत्रावर ६२ दाखवलं. मीही ही ७२ तासांची चाचणी करून घेऊ का?

ग्रंथीवैद्य
तुमची गोष्ट जेवणानंतरची आहे, ही उपाशीपोटीची. वाट वेगळी, चाचणीही वेगळी. शिवाय बोटाच्या यंत्राचा आकडा खालच्या टोकाला भरवशाचा नसतो. त्रास, तेव्हाच शिरेतून घेतलेल्या रक्तात कमी साखर, आणि साखर दिल्यावर त्रास जाणं, ही तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. नुसत्या आकड्यावर गेलात तर निरोगी माणसंही त्यात सापडतात. लांबच्या उपाशी चाचणीत काही तरुण बायकांची साखर चाळिशीत जाते, पण डोकं ठिकाणावर असतं आणि इन्शुलिन थांबलेलं असतं.

हिशेबनीस
बघा, शेवटी ‘थांबलेलं’ हाच शब्द आला.

मृणाल_भाषांतर
क्रियापदाचं वाक्य मजकुरात घालते. पण तक्त्यात एक अरुंद रकाना आहे, तिथे एकच शब्द बसतो. ‘अवेळी’? ‘अकाली’?

तत्सम
‘अकाली’ म्हणजे वेळेआधी, ते इथे लागू नाही. ‘अस्थानी’ घ्या. अस्थानी कौतुक म्हणतो, तिथे कौतुक वाईट नसतं, जागा चुकलेली असते. इथे आकडा वाईट नाही, ४१ च्या शेजारी तो बसतो ते चुकतं.

मृणाल_भाषांतर
हा खरंच जवळ आला. भावाला दाखवून बघते. गाठीसाठी मात्र ‘गाठ’च ठेवते, ‘अर्बुद’ नाही.

तत्सम
अर्बुद का नको? जुना आयुर्वेदातला शब्द आहे.

हिशेबनीस
जुन्या गणनेत अर्बुद म्हणजे दहा कोटी. घरचे घाबरून बसतील. या गाठी बहुतेक २ सेंटिमीटरपेक्षाही लहान असतात आणि दहापैकी नऊ साध्या.

ग्रंथीवैद्य
त्या लहान असतात म्हणूनच सिटी स्कॅनमध्ये कधी कधी दिसत नाहीत. स्कॅन कोरा आला तर ‘गाठ नाही’ असं लिहू नका, ‘दिसली नाही’ लिहा. दुर्बिणीतून पोटाच्या आतून केलेल्या सोनोग्राफीत पुष्कळदा सापडतात. आणि स्कॅन रक्ताच्या पुराव्यानंतर. आधी केला तर स्वादुपिंडातली भलतीच निरुपद्रवी गाठ हाती लागते आणि माणूस तिच्यामागे धावतो.

सांजवेळ
शब्द सोडून विचारते, माफ करा. माझ्या बहिणीच्या फाइलवर सहा वर्षं ‘झटके’ लिहिलंय. सगळे पहाटेचे. झटक्यांची औषधं चालू आहेत, फरक नाही. गोड काही पोटात गेलं की ती भानावर येते हे आम्ही घरात सगळे जाणतो, पण कुणाला सांगितलं नाही, कारण ‘झटका’ शब्दामुळे ते वेगळं वाटलंच नाही.

तत्सम
‘झटका’ हा शब्दच सैल आहे. फेफरं, घेरी, भोवळ, सगळं त्यात कोंबतात.

ग्रंथीवैद्य
ताई, हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा: पहाटे, उपाशीपोटी, गोड दिल्यावर भानावर येते. पुढच्या वेळी जवळ सोय असेल तर साखर देण्याआधी शिरेतून रक्त घेऊन लगेच प्रयोगशाळेत पोचवा. साध्या नळीत ते तासन्तास पडून राहिलं तर रक्तपेशीच साखर खातात आणि आकडा खोटा कमी येतो. पण सोय नसेल तर नमुन्यासाठी थांबू नका. भानावर असेल आणि गिळता येत असेल तर तोंडाने साखर द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. झटक्यांची औषधं स्वतःहून बंद करू नका.

सांजवेळ
उद्याच फोन करते. फाइलवर ‘पहाटे’ हा शब्द एकदाही नाही, आत्ताच पाहिलं.