मदत हवी आहे: व्याज नाही म्हणतात, मग १०० च्या गाडीचे १२० कसे?

सैफ_०७
कृपया लवकर सांगा, उद्या सकाळी सह्या आहेत. गाडी घेतोय. अब्बांची एकच अट आहे, व्याजाच्या पैशाची गाडी दारात नको. म्हणून बिनव्याजी बँकेत गेलो. आकडे सोपे करून सांगतो. गाडीची किंमत १०० धरा. बँक माझ्याकडून १२० घेणार, ४८ हप्त्यांत, दर महिन्याला अडीच. कागदावर 'व्याज' कुठेच नाही, 'नफा' लिहिलंय. दुसऱ्या बँकेचं साधं कर्जही १२० च्या आसपासच पडतंय. मग फरक काय? अब्बांना काय सांगू?

रानवारा
काही फरक नाही. नाव बदललं, वसुली तीच. साधं कर्ज घ्या आणि मोकळे व्हा.

गारवेल
मी मोबाइल असाच बिनव्याजी हप्त्यांवर घेतला होता. व्याज शून्य, पण प्रक्रिया शुल्क लावलं आणि रोखीवरची सूटही गेली. तुम्ही आधी शुल्काचा रकाना बघा.

सैफ_०७
ताई, मोबाइलची ती योजना वेगळी. इथे धर्माच्या नियमात बसतं का, एवढंच विचारतोय.

नाना_हिशेबनीस
मूळ तत्त्व लक्षात घ्या. इस्लाममध्ये नफा हवा असेल तर तोटाही वाटून घ्यावा लागतो. म्हणजे बँक तुमची भागीदार झाली. उद्या तुमचा धंदा बसला तर हप्ते माफ.

शबाना_आपा
नाना, तत्त्व बरोबर, पण ते भागीदारीच्या कराराला लागू. बँक धंद्यात पैसे घालते तेव्हा तोटा तिचाही. सैफची ही खरेदी-विक्री दिसतेय, त्यात हप्ते माफ होत नाहीत. सैफ, कागदावर 'मुराबहा' लिहिलंय का? आणि गाडी आत्ता कोणाच्या नावावर आहे?

सैफ_०७
हो, मुराबहाच आहे. नावाचं काय, शेवटी ती माझ्याच नावावर होणार ना?

शबाना_आपा
नाही बाळा, सगळं तिथेच अडतं. नीट सांगते.

तू जे विचारतोयस ते कुराणात जवळपास याच शब्दांत आलंय. सूरह बकराच्या २७५ व्या आयतीत लोक म्हणतात, व्यापारही रिबासारखाच, म्हणजे व्याजासारखाच तर आहे. उत्तर येतं, अल्लाहने व्यापार हलाल केला आणि रिबा हराम. म्हणजे वर २० येतात हे दोन्हीकडे दिसतं, ते कुणी नाकारत नाही. ते २० कशाबद्दल मिळाले, हे बघायचं.

कर्जात मी तुला १०० देते आणि वेळ गेला म्हणून १२० मागते. मधे वस्तू नाही. तुझी गाडी जळो, राहो, मला काही झळ नाही. व्यापारात मी आधी ती गाडी माझी करते. तुला विकेपर्यंत ती चोरीला गेली, ठोकली गेली तर नुकसान माझं. ती जोखीम अंगावर घेतली म्हणून नफा घेण्याचा हक्क. जे तुझ्याजवळ नाही ते विकू नकोस, अशी हदीस आहे, तिचं मूळही इथेच.

म्हणून मुराबहात क्रम असा हवा. तू सांगतोस अमुक गाडी हवी. बँक विक्रेत्याकडून ती विकत घेते. ती बँकेच्या ताब्यात आल्यावर मग तुझ्याशी वेगळा करार होतो, ज्यात बँक खरी किंमत १०० आणि नफा २० उघड सांगते. उधारीवर किंमत जास्त ठेवणं बहुतेक फुकहा, म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार, मान्य करतात, फक्त ती सौद्याच्या वेळी एकदाच ठरली पाहिजे.

रानवारा
आपा, राग नको. पण बँक दहा मिनिटं मालक होऊन करते काय? हा कागदी खेळ नाही का?

शबाना_आपा
राग कशाला. पैगंबरांचे सोबती बिलाल रजि. यांनी हलक्या खजुराचे दोन माप देऊन चांगल्या खजुराचं एक माप आणलं, तेव्हा पैगंबरांनी ﷺ त्यांना अडवलं. आधी हलका खजूर विका, आलेल्या पैशातून चांगला घ्या, असं सांगितलं. शेवटी हातात तोच खजूर आला असता, तरी वाट महत्त्वाची मानली. पण दहा मिनिटांतही मालकी खरी हवी. नुसत्या सह्या झाल्या असतील तर तुमचा आक्षेप बरोबर आहे.

केदार_वाचतो
अवांतर होईल, पण ही ओढाताण फक्त इस्लामची नाही. तोराहमध्ये आपल्या बांधवाकडून व्याज घेऊ नये असं आहे, परक्याकडून चालतं. पुढे यहुद्यांनी 'हेतर इस्का' नावाचा करार काढून कर्जाला भागीदारीचं रूप दिलं. चर्चने ११७९ च्या लॅटरन परिषदेत उघड सावकारी करणाऱ्यांना ख्रिस्ती दफनही नाकारलं. आपल्याकडच्या धर्मशास्त्राने बंदी घातली नाही, पण दामदुप्पटची मर्यादा घातली, एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये.

नाना_हिशेबनीस
दामदुप्पट मला जास्त व्यवहारी वाटतं. बंदी घातली की पळवाटा निघतातच.

मेहजबीन
माझं सांगते. भाऊ आजारी पडला, पाच हप्ते चुकले. करार मुराबहाचाच होता. दंड लागला, पण तो बँकेच्या कमाईत न जाता धर्मादाय खात्यात गेला, आणि देणं १२० चं १२० च राहिलं. साध्या कर्जात चुकलेल्या हप्त्यावर व्याज चढतच गेलं असतं. मला तरी फरक तिथे कळला.

शबाना_आपा
अगदी बरोबर. इस्लामपूर्व अज्ञानकाळात मुदत संपली की सावकार म्हणे, 'फेड, नाहीतर वाढव.' त्याच रिबावर पहिला घाव आहे. २८० वी आयत तर सांगते, कर्जदार अडचणीत असेल तर त्याची सोय होईपर्यंत मुदत द्या. पण उलट बाजूही ऐक सैफ. तू दोन वर्षांत सगळं फेडलंस तरी देणं १२० च, सूट हा तुझा हक्क नसतो. मलेशियात मध्यवर्ती बँकेने ती बंधनकारक केलीय, सगळीकडे तसं नाही. आधी विचारून घे.

सैफ_०७
एक सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात मी विक्रेत्याला पूर्ण पैसे दिले, मामाकडून उसने घेऊन. बिल माझ्या नावावर आहे. बँकेचा माणूस म्हणाला, पैसे तुमच्या खात्यात टाकतो, मामांना देऊन टाका. चालेल ना?

शबाना_आपा
नाही. हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतंस. गाडी तुझीच झालीय, मग बँक तुला विकणार काय? खात्यात १०० येणार आणि तू १२० फेडणार, मधे वस्तूच नाही. ते कर्ज झालं. बँकेने ती गाडी तुझ्याकडून रोखीत घेऊन तुलाच उधारीवर परत विकली, तर त्याला 'ईना' म्हणतात. बहुतेक उलेमा तेही नाकारतात.

नाना_हिशेबनीस
काही बँका रोख रक्कम देण्यासाठी धातूचा सौदा करतात ना? तुम्हाला धातू उधारीवर विकायचा आणि तुमच्या वतीने लगेच तिसऱ्याला रोखीत विकून टाकायचा.

शबाना_आपा
तो तवर्रुक. बँकेनेच सगळं जुळवून आणलेला तवर्रुक आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने २००९ मध्ये अमान्य केला. तरी अनेक बँका तो करतात, आणि त्यांची शरिया मंडळं त्याला मान्यता देतात. ज्यांच्या मनाला पटतं त्यांना मी अडवत नाही. मी स्वतः घेणार नाही.

सैफ, विक्रेत्याला विचार, माझी खरेदी खऱ्या अर्थाने रद्द करून पैसे परत करतोस का. केली तर मामांचे पैसे फेड आणि मग बँकेला गाडी घेऊ दे. नाहीतर मामांकडूनच मुदत वाढवून घे. उसने १०० घेऊन १०० च फेडणं, हेच तर कर्ज-ए-हसना.

रानवारा
आणि बँक नफ्याचा आकडा बाजारातल्या व्याजदराकडे बघूनच ठरवते, त्याचं काय?

शबाना_आपा
तो आक्षेप जुना आहे. दर फक्त मोजपट्टी म्हणून वापरला तर सौदा बिघडत नाही, असं बरेच जण म्हणतात. मला ते पूर्ण पटलेलं नाही.

सैफ_०७
विक्रेत्याशी बोललो. नोंदणी अजून झालेली नाही, त्यामुळे बिल रद्द होईल म्हणतोय, पण चार दिवस लागतील. उद्याच्या सह्या थांबवल्यात. बँकेचा माणूस सांगत होता की तारखा मागेपुढे करून देतो. मी नको म्हटलं. आपा, बँकेच्या नावाचं बिल सहीआधी बघायला मागू शकतो ना?

शबाना_आपा
मागच. आणि त्यावरची तारीख तुझ्या कराराच्या आधीची आहे का, ते बघ. मधल्या काळात विमा कोणाच्या नावावर आहे, तेही विचार.

गारवेल
पण प्रक्रिया शुल्क किती आहे, ते कुणी विचारलंच नाही.