मदत हवी आहे: थकलेल्या बिलाच्या आठवणीचा मेल नीट करून द्याल का?

चुलीवरची_ताई: नमस्कार मंडळी. नाशिकहून इन्स्टाग्रामवर स्वयंपाकाचं पेज चालवते. जुलैत एका मसाला कंपनीसाठी दोन रील (प्रत्येकी १२,०००) आणि तीन स्टोरी (प्रत्येकी २,०००) केल्या. दर मेलवर ठरले होते, मुदत बिलापासून ३० दिवस. ८ ऑगस्टला ३०,०००चं बिल पाठवलं, आज २५ सप्टेंबर. आठवण केली तर "आधी रीच कळवा, मग बघू" असं उत्तर आलं. माझा मसुदा:

"मोहिमेचा एकूण रीच १,०९,५०० झाला (६१,२०० + ४८,३००). एवढा चांगला प्रतिसाद असूनही पैसे न मिळाल्याने वाईट वाटते. कृपया लवकर बघावे."

नगरचा_सुतार: ४५ दिवस उलटले ना? लहान उद्योगांचे पैसे वेळेत देण्याचा एमएसएमई कायदा लिहा, व्याजासकट देतील.

बिलवसुली: ताई, आधी ती बेरीज काढा. दोन्ही रील पाहणारी माणसं त्यात दोनदा मोजली गेली आहेत. समोरच्यानं हे पकडलं तर बिलावरही शंका घेईल. दोन्ही आकडे वेगळे लिहा आणि कोणत्या तारखेचे ते सांगा, कारण रीच नंतरही वाढत राहतो.

दुसरं, "एवढा प्रतिसाद असूनही" हे वाक्य नको. दर नगावर ठरला होता, रीचवर नाही. त्या वाक्यानं तुम्हीच पैसे रीचला बांधताय.

सुतारभाऊ, ४५ दिवस ही कमाल मर्यादा. इथे लेखी मुदत ७ सप्टेंबरलाच संपली. आणि तो कायदा वापरायचा तर उद्यम नोंदणी कामाच्या आधीची हवी.

चुलीवरची_ताई: नोंदणी गेल्या आठवड्यात केली. म्हणजे या बिलाला नाही.

फोटोवाला_सातारा: माझं लग्नाचं बिल असंच अडकलं होतं. शेवटी कळलं की त्यावर पीओ नंबर, म्हणजे खरेदी ऑर्डरचा नंबर, नव्हता, म्हणून अकाउंट्सनं ते नोंदवलंच नव्हतं!

बिलवसुली: हेही विचारून घ्या. असं लिहा:

"८ ऑगस्टच्या बिलाची मुदत ७ सप्टेंबरला संपली. मेलवर ठरल्याप्रमाणे २ रील २४,००० आणि ३ स्टोरी ६,०००, एकूण ३०,००० रुपये येणे आहे. आपण मागितलेला रीच, २४ सप्टेंबरअखेर: पहिली रील ६१,२००, दुसरी ४८,३००; इनसाइट्सचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. बिल अकाउंट्सकडे नोंदले आहे का आणि रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल, हे ३० सप्टेंबरपर्यंत कळवावे. बिलात काही त्रुटी असल्यास तीही सांगावी."

दर ठरलेला मूळ मेल याच साखळीत ठेवा, नवा विषय उघडू नका.

चुलीवरची_ताई: मनापासून आभार. स्टोरीचा रीचही देऊ का? त्या २४ तासांत गेल्या, पण आर्काइव्हमध्ये आहेत.

बिलवसुली: आर्काइव्हमध्ये आकडे दिसत असतील तर प्रत्येकीचा वेगळा द्या. नसतील तर अंदाज अजिबात नको, स्टोरी पोस्ट केल्याची तारीख पुरे.

नगरचा_सुतार: मी तरी मेलआधी फोन केला असता.

बिलवसुली: फोन करा, पण मेल गेल्यावर.