बर्फात वेळ घालवू नका

> "रात्री दोनपासून लिंगाची ताठरता उतरेना, खूप दुखतंय. आता नऊ वाजलेत. बर्फ लावू का?"

दादा, सात तास झालेत, आत्ता निघा. चार तासांपुढे आत अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपत जातो आणि स्नायू मरायला लागतात, दुखणं त्याचंच. आमच्या परभणीकडचा एक पोरगा मेडिकलवरून ताठरतेची गोळी घेऊन लाजेनं दीड दिवस घरात दडून बसला. सुईनं रक्त काढलं तर डांबरासारखं काळं निघालं. सूज उतरली, पण ताठरता कायमची गेली.

यूरॉलॉजिस्ट असेल अशाच मोठ्या दवाखान्यात जा. जागा बधिर करून रक्त काढतात, मग फिनाइलेफ्रिनचं इंजेक्शन देतात. गोळी घेतली असेल तर नाव सांगा (डॉक्टर हसत नाहीत), सिकलसेल असेल तर तेही.