अनुभव धागा : पहिली दुचाकी घेतली तेव्हा फोटोखाली काय लिहिलंत?

मिरजेचा_धाकटा :
आमच्या वहिनीने दसऱ्याला पहिली स्कूटर घेतली. घरी शिवणकाम करते. फोटोखाली चार ओळी लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात मी "लिहिणारा" आहे असा एक गैरसमज आहे. मी लिहिलं : "स्वप्नांना पंख फुटले, कष्टाचं चीज झालं, आई-बाबांच्या आशीर्वादाने नव्या प्रवासाची सुरुवात." वहिनीने वाचलं आणि मोबाईल परत दिला. म्हणाली, "भाऊजी, ही मी नाही. आणि लोक म्हणतील लॉटरी लागली हिला."

तिचं म्हणणं पटलं. हजार रुपयांची पोस्टाची आरडी, सप्टेंबर 2020 मध्ये उघडलेली. तेव्हा व्याज 5.8 टक्के होतं. पाच वर्षांनी सत्तर हजाराला तीनशे कमी, एवढे हातात आले. मध्ये एका उन्हाळ्यात काम आलंच नाही, तेव्हा हप्ते राहिले. पोस्टात राहिलेल्या हजाराला महिन्याला दहा रुपये दंड बसतो, तो भरून तिने खातं चालू ठेवलं. चार हप्ते चुकले तर खातं अडतं हे एजंट बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. नशीब असं की आरडी सुटली आणि त्याच महिन्यात, 22 सप्टेंबर 2025 ला, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 वर आला. सात-आठ हजार वाचले. उरलेले दिवाळीच्या ब्लाऊजांचे आगाऊ आणि थोडे दादाचे.

एवढं सगळं फोटोखाली कसं मावणार? आणि मावलं तरी लिहावं का? तुम्ही काय लिहिलंत, का लिहिलंत, आणि त्यामागची बचत कशी होती, ते सांगा.

रंकाळा_वारा :
माझे वडील एसटीत कंडक्टर. ड्युटीला डेपोपर्यंत सायकल, सगळी नोकरी. मला नोकरी लागल्यावर पहिली तीन वर्षं पगारातून ठरलेली रक्कम पतसंस्थेत टाकली आणि स्प्लेंडर घेतली. ओळ एकच लिहिली : "आजपासून बाबा मागच्या सीटवर." फोटोत मी नव्हतोच. बाबा मागे बसलेले, हातात पेढ्यांचा पुडा, आणि पाय कुठे ठेवायचे ते कळत नसल्यामुळे दोन्ही पाय हवेत. त्या फोटोला जेवढे लोक हसले तेवढे माझ्या लग्नाच्या फोटोलाही हसले नाहीत.

मायलेज_मास्तर :
अभिनंदन. वहिनींनी 110 घेतली की 125? शहरात सिग्नल जास्त असतील तर 110 बरी. पहिली सर्व्हिसिंग चुकवू नका.

मिरजेचा_धाकटा :
मास्तर, 110 आहे. पण प्रश्न फोटोखालच्या ओळीचा होता.

मायलेज_मास्तर :
ओळ काय, कुठलीही टाका. टायरमधली हवा महत्त्वाची.

जुना_शोरूमवाला :
मी दुचाकीच्या शोरूममध्ये पासिंगची कागदपत्रं बघायचो, त्यामुळे डिलिव्हरीचे फोटो पोत्याने पाहिलेत. झेंडूची माळ, हँडलला नारळ, चाकाखाली लिंबू आणि शेजारी मॅनेजर मोठी पुठ्ठ्याची चावी धरून. मजकूर बहुतेकांचा तोच, जो धाकट्याने आधी लिहिला होता. त्यातून माणूस कोण ते कळतच नाही. "स्वप्न साकार" कोणीही लिहू शकतो. "पोस्टाचं पुस्तक संपलं, गाडी आली" हे फक्त तुमच्या वहिनी लिहू शकतात. साधेपणा हवा असेल तर आकडा गाळा आणि एखादी खरी वस्तू ठेवा. पुस्तक, डबा, सायकल, जे काय असेल ते. रक्कम लिहिली की वाचणाऱ्याचं लक्ष रकमेवर जातं आणि मग "एवढ्यालाच मिळाली?" किंवा "एवढे मोजले?" असे दोन्हीकडून बाण.

दुसरं, ओळीइतकंच फोटोकडे बघा. आरसी कार्डाचा फोटो टाकू नका. त्यावर पत्ता, चेसिस नंबर, इंजिन नंबर सगळं असतं. नंबर प्लेटवर एखादा हार आडवा येऊ द्या. गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव एका जागी मिळालं की हल्ली व्हॉट्सॲपवर "तुमच्या गाडीचं चलान बाकी आहे" म्हणून फाईल येते. नंबर खरा दिसतो म्हणून माणूस उघडतो, आणि खात्यातले पैसे जातात. रस्त्यात सगळे नंबर पाहतातच, ते वेगळं. तिथे त्यांना तुमचा मोबाईल नंबर माहीत नसतो.

वऱ्हाडी_ठेचा :
आमच्याकडं भिशीवर झालं बाप्पा. गल्लीतल्या बायांची भिशी, चिठ्ठी काढायची. माझं नाव शेवटी शेवटी निघे, दरवर्षी. यंदा पाडव्याच्या आधी चिठ्ठी काढायची होती तर सगळ्या बायांनी आपसात ठरवलं आणि चिठ्ठी न काढताच पैसे माझ्या हातात दिले. पोरीला कॉलेजात सोडायला गाडी पाहिजे हे त्यांना माहीत होतं. मी लिहिलं : "भिशीतल्या साऱ्या जणींची गाडी. चालवणार मी, पेट्रोलही माझंच." आता त्या खरंच मागतात ना! कुणाला दवाखान्यात जायचं, कुणाला बाजारात. लिहिताना थोडा विचार करायला पाहिजे होता काय, पण जाऊ द्या.

एक सांगते, पाडव्याला गाडी दारात पाहिजे असेल तर आठवडाभर आधी पैसे भरा. आदल्या दिवशी गेलं की नंबर येत नाही, अन् नंबराशिवाय गाडी देत नाहीत.

बेलापूर_लोकल :
माझी पहिली गाडी सेकंड हँड होती. ऑफिसातल्या साहेबांची सात वर्षं जुनी ॲक्टिव्हा, सीटला एक चीर. पहिली गाडी म्हणून फोटो टाकावा की नाही याच विचारात पडलो. मित्र म्हणाला नवी नाही तर कशाला टाकतोस. शेवटी टाकला : "कंपनीसाठी जुनी, आमच्यासाठी कोरी." पण आरसीवर माझं नाव येईपर्यंत थांबलो होतो, कारण गाडी दारात आली तरी कागदावर ती साहेबांचीच. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरायचे होते. ते सह्या करून द्यायला साहेब रोज "उद्या" म्हणायचे.

नवा_लायसनवाला :
माझा अनुभव लवकरच देईन, गाडी पुढच्या महिन्यात. पण वहिनींना सांगा, नव्या गाडीला पाच वर्षांचा विमा आधीच भरलेला असतो, त्यामुळे आता पाच वर्षं विम्याची काळजी नाही. "पाच वर्षं निर्धास्त" असंही लिहिता येईल.

जुना_शोरूमवाला :
अर्धं बरोबर आहे. पाच वर्षांचा असतो तो थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. 2018 पासून तो नव्या दुचाकीला एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. आपली गाडी चोरीला गेली किंवा पडून मोडली तर भरपाई देणारा भाग बहुतेक पॉलिसींत एका वर्षाचाच असतो. शोरूममधून मिळालेल्या कागदावर दोन वेगवेगळ्या तारखा छापलेल्या दिसतील, त्या बघा. पाच वर्षांनी जमवलेल्या पैशाची गाडी दुसऱ्या वर्षी चोरीला जावी आणि विमा संपलेला असावा, असं मी पाहिलंय. तेव्हा "निर्धास्त" लिहू नका.

नवा_लायसनवाला :
अरे बापरे. बघतो. धन्यवाद काका.

तुळजापूर_रोड :
माझं सगळ्यांपेक्षा उलट आहे. गाडी 2019 ला घेतली, फोटो 2022 ला टाकला. कर्जावर होती. आरसीवर फायनान्सवाल्यांचं नाव असताना "माझी गाडी" म्हणायला मला संकोच वाटायचा. शेवटचा हप्ता भरला, त्यांच्याकडून एनओसी आणि 35 नंबरचा फॉर्म घेतला, आरटीओत बोजा उतरवला. नवीन आरसीवर ती ओळ रिकामी आली त्या दिवशी फोटो. गाडीला तोपर्यंत ओरखडे पडलेले, आरसा एक बदललेला. लिहिलं : "आज पूर्ण माझी." बायकोने त्या ओळीवर आक्षेप घेतला, कारण अर्धे हप्ते तिच्या पगारातून गेले होते. मग "आमची" केलं.

रंकाळा_वारा :
हे आवडलं. पण मग कर्ज आहे हे पहिल्याच दिवशी लिहायला काय हरकत? लपवण्यासारखं काय त्यात?

तुळजापूर_रोड :
लपवायचं नाही हो. पण आमच्या गावात "कर्जावर घेतली" लिहिलं की पुढचे सहा महिने जो भेटेल तो "हप्ता किती राहिला" एवढंच विचारतो.

कडू_कारलं :
मुळात फोटो टाकायचाच कशाला? चार घरी पेढे द्या, झालं. ज्यांना आनंद होणार ते घरी येतात. बाकीच्यांच्या अंगठ्यांचं काय लोणचं घालायचंय?

वऱ्हाडी_ठेचा :
पेढे तर वाटलेच ना. पण माझी बहीण सुरतेला, मावशी बंगळुरात. त्यांना पेढा कुठून पोचवू? त्यांना फोटोच पोचतो.

कडू_कारलं :
त्यांना वेगळा पाठवा की. सगळ्या जगाला कशाला.

बेलापूर_लोकल :
दोघांचंही थोडं थोडं पटतंय. मी फक्त घरच्या ग्रुपवर टाकला होता. तिथेही काकांनी विचारलं, "केवढ्याला पडली?" त्यातून सुटका नाही.

मिरजेचा_धाकटा :
सगळं वहिनीला वाचून दाखवलं. बोजा उतरवलेल्या दादांचं ऐकून तिने आधी दादाकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यांचे पैसे थोडे आहेत, पण फोटोत ह्यांना घेऊ." भिशीच्या ताईंची ओळ तिला सगळ्यात आवडली, पण "आमच्या गल्लीतल्या बायका खरंच मागतील" म्हणून बाद.

शेवटी तिने स्वतःच सांगितलं, मी फक्त टाईप केलं :

"साठ हप्ते, एक चावी. ब्लाऊज घ्यायला आता मीच घरी येईन."

दुसरं वाक्य बघून मी म्हटलं ही तर जाहिरात झाली. ती म्हणाली, "मग? पेट्रोल काय पोस्ट देणार आहे?" फोटोत स्कूटरच्या डिकीत शिलाईची पिशवी ठेवलीय, आणि नंबर प्लेटवर झेंडू. आरडीचं पुस्तकही दाखवायचं होतं तिला, पण त्यावर खातं नंबर आहे म्हणून काकांचं ऐकून ठेवलं बाजूला. आतापर्यंत दोन गिऱ्हाइकांनी फोन केलाय. एकीने फॉल-पिकोचं विचारलं, दुसरीने गाडीची किंमत.

जुना_शोरूमवाला :
ओळ झकास. आता एक करा, विम्याच्या त्या दोन्ही तारखा शिलाईच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगा. आणि बोजा प्रकरण नसेल तर आरसी घरी आल्यावर नाव, पत्ता, चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी एकदा ताडून बघा. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं, ते विकताना सापडतं आणि मग फार फिरावं लागतं.

मायलेज_मास्तर :
ब्लाऊज पोचवायचे म्हणजे थांबत थांबत चालणार. मग मायलेज चाळीसच्या आसपास धरा. हवा दर पंधरा दिवसांनी.