लग्नाला येऊ न शकणाऱ्या आजी-आजोबांसाठी व्हिडिओ निरोप : अनुभव धागा

बोरीकाठ
आखाजी झाली की आपल्याकडे लग्नांची रांग लागते. ऊन ४४ अंशांवर जातं, आणि घरातल्या थकलेल्या माणसाला गाडीत घालून मंगल कार्यालयात नेणं काही होत नाही. मग कोणीतरी म्हणतं, व्हिडिओ करून दाखवू. तो कसा करायचा, यासाठी हा धागा. घरच्या कहाण्या नकोत. काय केलं की जमतं आणि कशानं बिघडतं, तेवढंच लिहा.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. आजी ८६ वर्षांची, अमळनेरजवळच्या खेड्यात, खाटेवरच असते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसरा तसाच. कानाचं यंत्र आहे, पण फार वेळ ठेवत नाही. घरात ३२ इंची जुना टीव्ही आहे, त्याला पेनड्राइव्ह लागतो. नात नवरी, लग्न जळगावला. नवरदेव नाशिककडचा, आजीनं त्याला अजून पाहिलेलं नाही.

शेवभाजी
सोप्पं आहे. फोर-के मध्ये काढा, मोठ्या पडद्यावर चित्र फुटत नाही. आजीला ऐकू कमी येतं ना, मग ओरडून बोला. मागे सनई लावा, दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांना दहा-दहा सेकंद द्या. दहा-बारा मिनिटांत मस्त होतो.

कानोसा
भाऊ, ऐकू कमी येतं हे खरं, पण ओरडून उपयोग होत नाही. वयानं कान गेला की आधी उंच पट्टीचे आवाज जातात. अ, आ, ओ हे स्वर पोचतात. स, श, च, ट, फ गळतात. अशा कानाला ‘साठ’ आणि ‘आठ’ सारखेच ऐकू येतात. म्हणूनच म्हातारी माणसं म्हणतात, “आवाज येतो, पण काय बोलतो ते समजत नाही.” ओरडलं की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं मागेच राहतात. शिवाय अशा कानाला मोठा आवाज पटकन टोचतो, मग यंत्र काढून उशाखाली जातं.

नेहमीच्या आवाजात, पण सावकाश बोला. चार-पाच शब्द झाले की थांबा. नाव घेतलं की लगेच नातं सांगा, आणि तेच पुन्हा एकदा वेगळ्या वाक्यात सांगा, म्हणजे एकदा निसटलं तरी दुसऱ्यांदा सापडतं. सनई अजिबात नको. सगळे आवाज एकाच वेळी आल्यावर त्यातून बोलणं वेगळं काढणं, हेच या कानाला जमत नाही.

गिरणाथडी
लग्नांची शूटिंग करतो, म्हणून आवाजाबद्दल सांगतो. अशा व्हिडिओत चित्र क्वचितच बिघडतं, बिघडतो तो आवाज. आणि त्याला कारण कूलर. मे महिन्यात कूलर चालू ठेवूनच रेकॉर्डिंग करतात. आपल्या कानाला तो सवयीचा, ऐकूच येत नाही. फोनच्या माइकला सगळं ऐकू येतं. कूलर, पंखा, फ्रिज बंद करा. उकाडा होतो म्हणून वेळ पहाटेची ठेवा, सहा ते साडेसात. त्या वेळी गल्लीत ट्रॅक्टरही कमी असतात. उन्हात फोन ठेवून शूट करू नका. फोन तापला की आधी पडदा मंद होतो, मग रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं.

दुसरी गोष्ट अंतराची. फोन सहा फुटांवर ठेवला तर माइकमध्ये माणसापेक्षा खोली जास्त येते, आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. दोन-अडीच फुटांवर ठेवा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कॉलरला लावायचा छोटा वायरचा माइक, हनुवटीच्या वीतभर खाली. नवरीचा हार आणि साडीची जर त्यावर घासते, खरखर येते, म्हणून माइक पदराच्या बाहेरच्या कडेला लावा. खोली रिकामी नको. गाद्या, चादरी असलेली खोली घ्या. भिंती उघड्या असल्या की घुमतं.

तपासणी अशी: रेकॉर्ड झालं की शेजारच्या खोलीत पंखा चालू करा, फोन टेबलावर ठेवा, आवाज निम्म्यावर करा आणि डोळे मिटून ऐका. एक शब्दही ‘काय म्हटलं?’ असं विचारायला लावत असेल तर पुन्हा घ्या. डोळे उघडे ठेवले की ओठ पाहून आपण फसतो.

आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ नको. तीन मिनिटांच्या पुढे गेला की माणूस दमतो.

पांझराकाठ
पण आजीचा आशीर्वाद कसा रेकॉर्ड करायचा? आम्हाला तो मंगल कार्यालयात मोठ्या पडद्यावर दाखवायचाय. आजी खूप हळू बोलते.

बोरीकाठ
ते उलट्या दिशेचं काम झालं भाऊ, इथे आजीसाठी व्हिडिओ चाललाय. पण लिहा, उपयोगी आहे.

गिरणाथडी
थोडक्यात सांगतो. माइक आजीच्या पदराला, तोंडाजवळ. प्रश्न एकच विचारा आणि उत्तर येईपर्यंत कोणीही मध्ये बोलू नका. हॉलमध्ये डीजेच्या गोंगाटात तिचं बोलणं मरतं, म्हणून खाली मोठ्या मराठी अक्षरांत तेच शब्द लिहा.

तापीकाठ
टीव्हीवर चालत नाही, हा तिसरा घोळ. आयफोननं काढलेला व्हिडिओ सहसा एच.२६५ या नव्या प्रकारातला असतो, जुना टीव्ही तो उघडत नाही. ‘फाइल सपोर्ट नाही’ म्हणतो किंवा फक्त आवाज येतो. काढण्याआधीच Settings > Camera > Formats मध्ये Most Compatible निवडा आणि Record Video मध्ये HDR Video बंद करा. फोर-के चा हट्ट सोडा. ३२ इंची टीव्हीवर १०८० पुरतं, आणि जुना टीव्ही फोर-के ची फाइल उघडेलच असं नाही. १०८० मध्ये ३ मिनिटांची फाइल साधारण ४०० एमबी होते.

आधीच चुकीचं काढलं असेल तर कॉम्प्युटरवर ffmpeg नावाचा प्रोग्राम टाकून टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
ffmpeg -i aaji.mov -c:v libx264 -pix_fmt yuv420p -vf scale=1280:-2 -c:a aac aaji.mp4
```

पेनड्राइव्ह FAT32 मध्ये फॉरमॅट केलेला ठेवा, जुन्या टीव्हीला तोच कळतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर व्हिडिओ म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर दबून धूसर होतो. फोन आडवा धरून शूट करा. उभा घेतला तर टीव्हीवर मधोमध एक पट्टी आणि दोन्हीकडे काळं.

शहरातल्या टीव्हीवर चालला म्हणून खेड्यातल्यावर चालेलच असं नाही. दोन दिवस आधी गावातल्या कोणाकडून त्याच टीव्हीवर चालवून घ्या. वीज गेली तर म्हणून तीच फाइल चार्ज केलेल्या मोबाइलवर ठेवा.

कानोसा
टीव्हीचे स्पीकर बहुतेक मागे किंवा खाली तोंड करून असतात, आवाज भिंतीला आपटून येतो. छोटा वायरचा स्पीकर खाटेपासून हातभर, चांगल्या कानाच्या बाजूला ठेवा. ब्लूटूथ नको. त्यात आवाज जरा उशिरा येतो आणि ओठ जुळत नाहीत. कमी ऐकणारा माणूस ओठही वाचत असतो, त्याचा आधारच जातो. यंत्राचा सेल नवा टाका. मागचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर तसाच ठेवून मग बसवा.

शेवभाजी
बरं, सनई गेली, फोर-के गेलं. पण नातेवाईक? मावशी-आत्या रागावतील.

उशाशी
थकलेल्या रुग्णांची घरी जाऊन देखभाल करते. नातेवाइकांचं वेगळं ठेवा, दुसऱ्या दिवशी दाखवता येतं. एका व्हिडिओत दोनच चेहरे पुरे. चेहरा छातीपासून वर, समोरून उजेड, मागे खिडकी नको. मोतीबिंदूवाल्याला मागून उजेड आला की समोरचं सगळं धुकं होतं. मुंडावळ्या डोळ्यांवर आणि गालावर येतात, चेहरा ओळखू येत नाही. बोलताना त्या मागे सारा. नंतर नुसतं नटलेलं रूप दहा सेकंद दाखवा, आजीला तेही पाहायचं असतंच.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पडद्यावरचा माणूस आपल्याशी बोलतोय असं समजून आजी उत्तर देते. आपण पुढे बोलत गेलो तर ती गोंधळते किंवा रडते. म्हणून प्रश्न विचारला की सात-आठ सेकंद नुसतं हसत थांबा. “तू नव्हतीस, फार वाईट वाटलं” असलं काही नको. ती स्वतःला दोष देत बसते.

दाखवायची वेळ सकाळी, चहा-नाश्ता झाल्यावर. संध्याकाळी अंधारात विसरभोळी माणसं जास्त गोंधळतात. विसरायला होत असेल तर रोज दाखवला तरी चालतो, प्रत्येक वेळी नवाच असतो.

पांझराकाठ
दाखवायचा कधी पण? लग्नाच्या आधी की मुहूर्ताच्या वेळी?

उशाशी
आधी, हळदीच्या दिवशी. मग प्रत्यक्ष वेळी तिच्या मनात चित्र असतं.

तापीकाठ
मला पटत नाही. आधी दाखवलं तर लग्न झालं असं समजून नंतर विचारत बसतात, “नेलं नाही का मला?” लग्नानंतर दोघं भेटायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी बरं.

उशाशी
असंही होतं. घरच्यांनी आजीकडे पाहून ठरवावं, यावर एकच उत्तर नाही.

बोरीकाठ
भाषेचं काय? काहीजण म्हणतात, कॅमेऱ्यासमोर शुद्ध मराठी बरी.

गिरणाथडी
आजी ज्या बोलीत रागावते त्याच बोलीत बोला. अहिराणी घरात “आजी, मी शे. तुनी नात. मनं लगीन शे,” एवढंच पुरे. यावल-रावेरकडं लेवा बोलीत. मुलगा बाहेरचा असेल तर त्याला पाठ करायला लावू नका, घोकलेलं कळतं. तो आपल्या मराठीत बोलू दे.

बोरीकाठ
सगळं जमवून वरच्या उदाहरणासाठी असा मसुदा करते. एकूण अडीच मिनिटांच्या आत. सुरुवातीला नात एकटी: मी कोण, आजी कशी आहेस, मग आठ सेकंद थांबणं. त्यानंतर लग्नाची तारीख आणि गाव, दोनदा, वेगवेगळ्या वाक्यांत. मग नवरदेव शेजारी येऊन बसतो. तो आपलं नाव, गाव आणि “तुमचा नातजावई” एवढंच सांगून थांबतो. त्यानंतर दोघं हात जोडतात आणि दहा सेकंद कोणीच बोलत नाही. शेवटी नटलेलं रूप, आवाज बंद. सगळं सकाळी सात वाजता, कूलर बंद. फाइलचं नाव ‘निरोप’ नको म्हणतात घरचे, म्हणून aaji.mp4.

शेवभाजी
नवरदेवानं नुसता नमस्कार केला तर आजी ‘बोलत नाही काय, मुका आहे का’ म्हणेल.

कानोसा
नाव, गाव सांगतोय ना. पण तुझी शंका धरून त्याला एक वाक्य वाढवा. आजीला काहीतरी विचारू द्या, “जेवण झालं का आजी?” त्याच्यानंतरही आठ सेकंद.